निकालपत्राच्या शेवटच्या पानावरचा खर्च

4 जून 2021 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेत्री जुही चावला आणि त्यांच्याबरोबरच्या आणखी दोन वादींचा फाइव्ह-जी तंत्रज्ञानाविरुद्धचा दावा फेटाळला. बातम्यांत सगळीकडे एकच ओळ झळकली, ‘जुही चावलाला 20 लाखांचा दंड’. एवढ्याशा ओळीत तीन गोष्टी निसटल्या होत्या. ही रक्कम दंड नव्हती, खर्च म्हणून लावलेली होती. ती एकट्या जुही चावला यांच्यावर नव्हती, वादींवर मिळून होती. आणि ती सरकारला किंवा प्रतिवादी कंपन्यांना द्यायची नव्हती. ती दिल्ली राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे एका आठवड्यात भरायची होती आणि रस्ते अपघातांतील पीडितांसाठी वापरली जावी, असे न्यायालयाने सांगितले होते.

रक्कम का लावली, हेही आदेशात लिहिलेले होते. दाव्याची मांडणी सदोष होती, पूर्ण कोर्ट फी भरलेली नव्हती, सुनावणीची लिंक समाजमाध्यमांवर पसरवल्याने ऑनलाइन कामकाजात पुन्हा पुन्हा व्यत्यय आला आणि दावा प्रसिद्धीसाठी केलेला दिसतो, अशी ती कारणे. पुढे 27 जानेवारी 2022 रोजी त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने 20 लाखांचे 2 लाख केले. जून 2021 मध्ये केलेला सारांश कितीही बिनचूक असला, तरी त्या दिवसानंतर तो चालू हिशेब राहिला नाही.

खर्चाच्या आदेशाचा सारांश म्हणजे चार प्रश्नांची उत्तरे: कोणी कोणाला द्यायचे, किती, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत. प्रश्न सोपे आहेत, पण उत्तरे बहुतेक वेळा एका जागी सापडत नाहीत. निकालपत्र साठ पानांचे असते आणि खर्चाबद्दलचे वाक्य शेवटच्या पानावर, ‘आदेश’ या शब्दाखाली, दोन-तीन कलमांत संपते. त्या कलमांत अनेकदा रक्कमच नसते, नुसते ‘खर्चासह’ असते. म्हणून वाचायला सुरुवात शेवटच्या पानापासून करावी. कोणी कोणाला, हे तिथेच ठरते. मधल्या पानांत न्यायाधीशांनी एखाद्या पक्षाला कितीही सुनावले असले, तरी आदेशात त्याच्यावर खर्च लावलेला नसेल तर तो नाही.

खर्चासह म्हणजे किती, हे हुकूमनाम्यात मिळते. निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात न्यायाधीश कारणे देऊन निर्णय करतात, हुकूमनाम्यात त्या निर्णयाचा औपचारिक गोषवारा असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 20, नियम 6 सांगतो की दाव्यात खर्च किती झाला आणि तो कोणी, कोणत्या मालमत्तेतून व कोणत्या प्रमाणात द्यायचा, हे हुकूमनाम्यात लिहिलेच पाहिजे. त्यासाठी हुकूमनाम्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो. एका बाजूला वादीचा खर्च, दुसऱ्या बाजूला प्रतिवादीचा. कोर्ट फी, वकील फी, समन्स, साक्षीदारांचा भत्ता अशा बाबी आणि खाली बेरीज. सारांश करणाऱ्याच्या हातात फक्त निकालपत्र असेल तर त्याने रकमेच्या जागी ‘हुकूमनाम्यातील तक्त्याप्रमाणे’ एवढेच लिहावे. वकिलांना प्रत्यक्षात किती पैसे दिले ते पक्षकाराला विचारून तो आकडा भरणे ही सर्वात मोठी चूक, कारण ते दोन आकडे क्वचितच जुळतात.

एक कल्पित प्रकरण घेऊन हे करून पाहू. एकाने ओळखीच्या माणसाला पाच लाख रुपये हातउसने दिले. पैसे परत आले नाहीत. त्याने त्या माणसावर आणि, तो जामीन राहिला होता असे सांगत, त्याच्या भावावरही दावा लावला. उसने घेणारा प्रतिवादी क्रमांक 1, भाऊ प्रतिवादी क्रमांक 2. चार वर्षांनी निकाल लागला. दोन लाख परत दिल्याचे प्रतिवादी 1 ने सिद्ध केले, उरलेले तीन लाख द्यायचे आहेत असे ठरले. भावाने जामीनकी घेतल्याचा पुरावाच आला नाही. शेवटच्या पानावरचा आदेश असा: दावा अंशतः मंजूर. प्रतिवादी क्रमांक 1 याने वादीस तीन लाख रुपये व्याजासह द्यावेत. त्याने वादीस दाव्याचा प्रमाणशीर खर्च द्यावा व आपला खर्च स्वतः सोसावा. प्रतिवादी क्रमांक 2 विरुद्धचा दावा खर्चासह फेटाळण्यात येतो. हुकूमनामा तयार करावा.

तक्त्यात वादीच्या खर्चाची बेरीज 38,000 रुपये आहे, प्रतिवादी 2 ची 9,500. आता पहिला प्रश्न, कोणी कोणाला. इथे एक नाही, दोन देणी आहेत आणि ती उलट दिशांना जातात. प्रतिवादी 1 वादीला देणार, आणि वादी प्रतिवादी 2 ला देणार. भावाविरुद्धचा दावा ‘खर्चासह फेटाळला’ याचा अर्थ भावाने खर्च द्यायचा असा नव्हे. ज्याने त्याला कोर्टात ओढले त्याने त्याचा खर्च भरून द्यायचा. हे वाक्य उलटे वाचणारे पक्षकार मी बरेच पाहिले आहेत. आपल्या बाजूने निकाल लागला आणि तरी आपल्यालाच कोणाला तरी पैसे द्यायचे आहेत, हे जिंकलेल्या माणसाच्या पचनी पडत नाही.

दुसरा प्रश्न, किती. पाच लाखांपैकी तीन लाख मिळाले, म्हणजे वादीचे यश पाचात तीन. प्रमाणशीर खर्च 38,000 चे तीन पंचमांश, म्हणजे 22,800 रुपये. भावाला पूर्ण 9,500. इथे एक मोह होतो. दोघे भाऊच आहेत, एका घरात राहतात, तर 22,800 मधून 9,500 वजा करून 13,300 लिहून टाकावेत. तसे करता येत नाही. एकाने घ्यायचे आणि त्यानेच द्यायचे असेल, तर न्यायालय वळतीचा आदेश करू शकते. आदेश 20 च्या त्याच नियमात ती सोय आहे. पण इथे देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा. शिवाय वळती करणे न्यायालयाच्या हातात असते, सारांश लिहिणाऱ्याच्या नाही.

आणखी एक आकडा फाइलमध्ये दडलेला असतो. दावा चालू असताना एका तारखेला प्रतिवादी 1 च्या वकिलांनी तहकुबी मागितली होती आणि न्यायालयाने 1,000 रुपये खर्चाच्या अटीवर ती दिली होती. ही नोंद रोजनाम्यात सापडते, निकालपत्रात नाही. फाइल चाळणाऱ्याला वाटते की हेही 22,800 मध्ये मिळवायला हवेत. तो खर्च त्याच वेळी दिला गेला असेल, तर संहितेचे कलम 35-ब सांगते की तो हुकूमनाम्यातल्या खर्चात धरायचा नाही. दिला नसेल, तर त्याचा स्वतंत्र आदेश काढायचा, ज्यात रक्कम आणि ती देणाऱ्यांची नावे व पत्ते असतील, आणि त्या आदेशावरूनही वसुली करता येते. म्हणजे दोन्ही बाबतींत हे 1,000 रुपये वेगळेच राहतात.

प्रतिवादी 1 च्या जागी तीन भागीदार असते आणि त्या तिघांनी मिळून 22,800 द्यावेत असे असते, तर आणखी एक शब्द शोधावा लागला असता: ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे’. तसे लिहिले असेल तर वादी पूर्ण रक्कम तिघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकतो, आणि तिघांनी आपसात काय करायचे ते त्यांचे त्यांनी पाहायचे. सारांशात ‘प्रत्येकी’ हा शब्द घातला की रक्कम तिप्पट होते. म्हणून तो आदेशात असला तरच घालावा.

वाचकाला इथे एक गोष्ट खटकेल आणि खटकायलाच हवी. चार वर्षे चाललेल्या दाव्याचा खर्च 38,000 कसा? खरा खर्च त्याच्या कित्येक पट झालेला असू शकतो. कारण तक्त्यातली वकील फी ही पक्षकाराने दिलेली फी नसते, नियमांत ठरवून दिलेली असते. याचे सर्वात ठळक उदाहरण 2011 चे आहे. दिल्लीतल्या एका जागेच्या वादात उच्च न्यायालयाने हरलेल्या पक्षाला 45,28,000 रुपये खर्च द्यायला सांगितले होते, कारण समोरच्या पक्षाने वकिलांना प्रत्यक्षात तेवढे दिल्याचे दाखवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो आकडा रद्द केला. खर्च ठरवणे न्यायालयाच्या विवेकावर आहे हे खरे, पण तो विवेक कायदा आणि नियम यांच्या चौकटीतच वापरायचा आहे, असे कारण दिले. त्या जागी नियमाप्रमाणे खर्च आणि वर 3,000 रुपये, एवढाच आदेश उरला.

हे 3,000 कुठून आले? संहितेच्या कलम 35-अ मधून. खोटा किंवा निव्वळ त्रास देण्यासाठी केलेला दावा असेल तर समोरच्याला भरपाई म्हणून जादा खर्च देता येतो, पण त्याची कमाल मर्यादा 3,000 रुपये आहे. 1976 च्या दुरुस्तीने ठरलेली ही मर्यादा सामान्य दाव्यांना अजून लागू आहे. ती एक लाखापर्यंत वाढवावी असे सर्वोच्च न्यायालयाने याच निकालात सुचवले आणि विधी आयोगाने 2012 मध्ये आपल्या 240 व्या अहवालात खर्चाच्या सगळ्या पद्धतीचा विचार केला. माझ्या मते ही मर्यादा आज अन्यायकारक आहे. खोट्या दाव्यात दहा वर्षे घालवलेल्या माणसाला 3,000 रुपयांत काय भरून मिळणार? पण सारांशात हे मत घालायचे नसते. तिथे जो आकडा आहे तोच लिहायचा आणि तो इतका लहान का, हे एका वाक्यात सांगायचे: ‘कायद्याची मर्यादा’.

तीन लाखांच्या वरचे व्यापारी वाद मात्र वेगळ्या वाटेने जातात. 2015 च्या व्यावसायिक न्यायालये कायद्याने त्यांच्यासाठी कलम 35 नव्याने लिहिले आणि ही 3,000 ची मर्यादाही काढली. तिथे हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियम आहे आणि पक्षकारांची वर्तणूक, तडजोडीचा रास्त प्रस्ताव कोणी विनाकारण नाकारला का, असे मुद्दे न्यायालय पाहते. खर्चावर व्याजही लावता येते. म्हणून पहिल्या पानावर दाव्याचा प्रकार पाहून घ्यावा.

तिसरा प्रश्न कारणांचा. आपल्या उदाहरणात कारण सरळ आहे: जो जेवढा जिंकला त्याला तेवढा खर्च. कलम 35 मध्ये असे गृहीतच आहे की खर्च निकालाच्या मागोमाग जातो. न्यायाधीशांना तसे करायचे नसेल, म्हणजे जिंकणाऱ्यालाही खर्च द्यायचा नसेल, तर त्यांनी कारणे लेखी द्यावी लागतात. सारांश करताना हा फार उपयोगी सुगावा आहे. ‘खर्चाबाबत आदेश नाही’ किंवा ‘ज्याने त्याने आपला खर्च सोसावा’ असे शेवटी दिसले, की मागे जाऊन एखादे वाक्य शोधायचे: पक्षकार जवळचे नातेवाईक आहेत, कायद्याचा मुद्दा नवा होता, जिंकलेल्या पक्षानेही काही कागद लपवले होते. असे वाक्य सापडले तर ते जसेच्या तसे सारांशात घ्यावे. सापडले नाही, तर ‘आदेशात कारण दिलेले नाही’ असे लिहावे. कारण आपल्या मनाने जोडले की पक्षकार अपिलाचा विचार त्या जोडलेल्या कारणावर करतो, आणि अपिलात त्याला उत्तर मिळत नाही.

आदेशात कलम दिलेले असेल तर कारण ओळखणे सोपे होते. 35 म्हणजे हारजितीचा खर्च, 35-अ म्हणजे खोट्या किंवा त्रासदायक दाव्याची भरपाई, 35-ब म्हणजे वेळ घालवल्याबद्दल. पहिला खर्च लागल्याने कोणी खोटारडे ठरत नाही. दुसरा लागला तर न्यायालयाने तसे मत नोंदवलेले असते. ही दोन एकाच शब्दात गुंडाळली की हरलेल्या प्रामाणिक माणसाच्या अंगाला विनाकारण डाग लागतो. मथळ्यांतला ‘दंड’ हेच करतो.

चौथा प्रश्न तारखेचा, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. आपल्या हातउसन्याच्या आदेशात तारीखच नाही. म्हणजे पैसे देणे टाळता येते असे नाही. हुकूमनामा अमलात आणण्याजोगा झाला की वादी कोर्टात दरखास्त दाखल करून वसुली मागू शकतो, आणि त्यासाठी मुदत कायद्याने बारा वर्षांची दिली आहे. अपील दाखल केल्याने ही वसुली आपोआप थांबत नाही. अपिलीय न्यायालयाने स्थगिती दिली तरच थांबते. सारांशात म्हणून लिहावे: ‘मुदत दिलेली नाही, हुकूमनाम्यापासून देय, स्थगिती असल्यास तपासावी’.

तारीख असते तेव्हा तिच्या मागे काय आहे ते पाहावे लागते. 35-ब चा खर्च पुढच्या तारखेला द्यायचा असतो आणि तो दिल्याशिवाय त्या पक्षाला पुढे दावा किंवा बचाव चालवता येत नाही. तो चुकला तर दावाच फेटाळला जातो असे अनेकांना वाटते. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले: दावा त्या कारणाने फेटाळायचा नाही, चुकणाऱ्या पक्षाला मात्र पुढच्या कामकाजात भाग घेता येणार नाही.

याहून कडक असतो अटीचा खर्च. समजा, प्रतिवादी हजर न राहिल्याने एकतर्फी हुकूमनामा झाला. त्याने तो रद्द करण्याचा अर्ज केला आणि न्यायालयाने आदेश दिला: दोन आठवड्यांत वादीस 5,000 रुपये द्यावेत या अटीवर एकतर्फी हुकूमनामा रद्द, न दिल्यास अर्ज फेटाळला समजावा. ही रक्कम म्हणजे वरवर पाहता किरकोळ कॉस्ट. पण पंधरावा दिवस उजाडला आणि पैसे दिलेले नसले, तर तो जुना हुकूमनामा, कदाचित घराच्या ताब्याचा, पुन्हा उभा राहतो. अशा आदेशाच्या सारांशात 5,000 चा आकडा खाली आणि तारीख वर हवी, आणि तारखेला लागून ‘चुकल्यास काय’ हे वाक्य हवे. ‘दोन आठवड्यांत’ एवढेच लिहून भागत नाही. कॅलेंडर समोर घेऊन दिवस काढावा आणि ते दोन आठवडे आदेशाच्या दिवसापासून मोजायचे की प्रत मिळाल्यापासून, हे आदेशाच्या शब्दांत पाहावे. वेगळे काही लिहिलेले नसेल तर आदेशाच्या दिवसापासूनच धरणे सुरक्षित. नक्कल यायला आठ दिवस लागले तरी मुदत तिची वाट पाहत नाही. मुदत वाढवून मागता येते, कलम 148 मध्ये तशी तरतूद आहे, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो.

आता हातउसन्याच्या दाव्याचा सारांश लिहू. मूळ रक्कम आणि तिचे व्याज वेगळे ठेवावे, कारण लोक ते खर्चात मिसळतात. मग असे होईल:

प्रतिवादी क्रमांक 1 ने वादीला खर्चापोटी 22,800 रुपये द्यायचे (वादीच्या 38,000 रुपये खर्चाचे तीन पंचमांश, मागितलेल्या पाच लाखांपैकी तीन लाख मंजूर झाल्याने). प्रतिवादी क्रमांक 1 चा स्वतःचा खर्च त्याच्याच अंगावर. वादीने प्रतिवादी क्रमांक 2 ला 9,500 रुपये द्यायचे (त्याच्याविरुद्ध जामीनकी सिद्ध न झाल्याने दावा खर्चासह फेटाळला). दोन्ही रकमांची वळती नाही. मुदत दिलेली नाही, हुकूमनाम्यापासून देय. तहकुबीचा 1,000 रुपये खर्च यात धरलेला नाही. तो दिला की नाही, हे रोजनाम्यावरून तपासावे. रकमा हुकूमनाम्यातील तक्त्यावरून घेतल्या आहेत.

शेवटचे वाक्य औपचारिकतेसाठी नाही. उद्या तक्त्यात बेरजेची चूक निघाली आणि न्यायालयाने हुकूमनामा दुरुस्त केला, तर कोणता आकडा बदलायचा हे त्यावरून कळते.

सारांश हातात आल्यावर पक्षकार पहिला प्रश्न विचारतो, पैसे द्यायचे कसे. प्रतिवादी 1 ने वादीला घरी जाऊन 22,800 रोख दिले आणि कोर्टात काहीच कळवले नाही, तर पुढे वादीने दरखास्त लावल्यावर ते पैसे दिल्याचे सांगून फारसा उपयोग होत नाही. आदेश 21, नियम 2 नुसार कोर्टाबाहेर दिलेली रक्कम न्यायालयात नोंदवावी लागते; नोंदवलेली नसेल तर वसुली करणारे न्यायालय ती जमेस धरत नाही. म्हणून पैसे कोर्टात भरावेत आणि पावती घ्यावी, किंवा वादीला बँकेतून द्यावेत आणि वादीकडून तसे न्यायालयात नोंदवून घ्यावे. वादी टाळाटाळ करत असेल तर प्रतिवादी स्वतःही त्यासाठी अर्ज करू शकतो, मात्र पैसे दिल्यापासून तीस दिवसांच्या आत.